काउंटरवर किती माणसं लावायची: पॉयसाँचा हिशोब मांडण्याआधीची तयारी

पॉयसाँ म्हणजे सरासरी माहीत असली की एका तासात अमुक इतके जण यायची शक्यता किती ते काढायचं सूत्र. त्यासाठी एक्सेल, मागच्या काही आठवड्यांच्या नोंदी, हे असणारच. फक्त नोंदी टोकन घेतलं त्या वेळेच्या घ्या, काम उरकलं त्या वेळेच्या नकोत. दोन माणसं तासाला २० कामं उरकत असतील तर काम उरकल्याच्या नोंदीत २०च्या वर आकडा दिसणारच नाही, मग बाहेर ४० जण का उभे असेनात. चौघं मिळून एकाच कामाला आली तर एक धरायचं.

आता खरी गोष्ट. सरासरी त्या तासाची घ्यायची. दिवसाची नाही, त्या तासाची. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं, सूत्र बरोबर, गणित बरोबर, आणि दुपारी रांग दाराबाहेर. समजा १० तासांत १२० जण येतात, म्हणजे तासाला १२, आणि एक माणूस तासाला १० जणांना सोडवतो. सरासरी १२ घातली तर २०पेक्षा जास्त जण यायची शक्यता जेमतेम १.२ टक्के निघते, दोन माणसं पुरली की! पण ते १२० सारखे वाटून येत नाहीत ना, सकाळी तासाला ६-७ जण आणि दुपारी १२ ते १ मध्ये सरासरी २० जण असं येतात, आणि त्या तासाला तीच शक्यता ४४ टक्के होते. तिसरा माणूस बसवला की ३०च्या वर जायची शक्यता दीड टक्क्याच्या आत.

म्हणून परत, त्या तासाची सरासरी. आणि सोमवारचा १२ ते १ शनिवारच्या १२ ते १ मध्ये मिसळला तरी तीच चूक. हे पकडता येतं: एकाच वाराचे, त्याच तासाचे आकडे घ्या, सरासरी काढा, आणि आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते सांगणारा व्हेरियन्स काढा. पॉयसाँत दोन्ही साधारण सारखे यायला हवेत. व्हेरियन्स दुप्पट-तिप्पट आला तर काहीतरी मिसळलंय किंवा लोक घोळक्याने येतायत, मग हे सूत्र शक्यता कमीच दाखवणार, त्यावर विसंबू नका.

शक्यता 'बरोबर २० जण' ची काढत बसू नका, ती सरासरी २० असतानाही ९ टक्केच येते आणि माणसं ठरवायला कामाची नाही. 'पेक्षा जास्त' वाली काढा:

```
=1-POISSON.DIST(20,20,TRUE)
```

पहिला २० म्हणजे झेपणारी संख्या, दुसरा सरासरी. कुठल्या तासाची ते आता सांगत नाही.

बाकी, जेवणाची सुट्टी वजा करा. तासाचा आकडा झेपला तरी पहिल्या १० मिनिटांत १५ जण आले तर रांग लागणारच, किती वेळ थांबावं लागेल ते यातून कळत नाही, त्याचं गणित वेगळं.