फोटोवरून ब्रेक ओळखताना
चाकाच्या आऱ्यांमधून आत बघा. चकचकीत, सपाट चकती दिसली आणि तिच्या कडेला चिमट्यासारखा कॅलिपर बसलेला असेल, तर तो डिस्क ब्रेक. चकतीच्या दोन्ही बाजूंना कॅलिपरमध्ये असतात ते ब्रेक पॅड. बंद डब्यासारखा, बहुधा गंजलेला गोल दिसला तर ड्रम. आतले चंद्रकोरीसारखे दोन तुकडे म्हणजे ब्रेक शू. ड्रम काढल्याशिवाय ते दिसत नाहीत.

फसगत होते ती मागच्या चाकात. काही गाड्यांत डिस्कच्याच मध्यभागी हँडब्रेकचा छोटा ड्रम असतो. चाक आणि डिस्क काढलेल्या फोटोत शू दिसले, तरी शेजारी कॅलिपर किंवा त्याचा ब्रॅकेट आहे का ते आधी बघा. असेल तर ते शू हँडब्रेकचे. पायाच्या ब्रेकला पॅडच लागतील.