केस ॲनालिसिसमध्ये हाय-कॉन्टेक्स्ट आणि लो-कॉन्टेक्स्ट: या चुका टाळा

केस अशी आहे असं धरा. म्युनिकमधली प्रोजेक्ट मॅनेजर व्हिडिओ कॉलवर ओसाकाच्या टीमला विचारते, "१५ तारखेपर्यंत टेस्टिंग मॉड्यूल मिळेल ना?" तिथला टीम लीड जरा थांबून म्हणतो, "थोडं अवघड आहे, पण बघतो." मिनिट्समध्ये नोंद होते: १५ तारीख निश्चित. १५ तारखेला मॉड्यूल येत नाही.

परीक्षेतली बहुतेक उत्तरं इथे "जपान हाय-कॉन्टेक्स्ट, जर्मनी लो-कॉन्टेक्स्ट, म्हणून गैरसमज झाला" असं लिहून मोकळी होतात. हे नुसतं लेबल झालं. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेला मुद्दा असा, की निरोपाचा किती भाग शब्दांत असतो आणि किती प्रसंगात, नात्यात, गप्प राहण्यात असतो. शब्दांत जास्त असेल तर लो-कॉन्टेक्स्ट, शब्दांबाहेर जास्त असेल तर हाय-कॉन्टेक्स्ट. त्यामुळे पुरावा केसमधूनच उचला. लीडचं थांबणं आणि "थोडं अवघड" हे शब्द, दोन्ही मिळून नकार होता. मॅनेजरने फक्त "बघतो" ऐकलं. शिवाय तिचा प्रश्न हो-नाहीचा होता आणि सगळ्यांसमोर विचारलेला होता, म्हणजे उघड "नाही" म्हणायची वाट तिनेच बंद केली. हे लिहिलंत की दोष एकाच बाजूवर टाकण्याची चूकही टळते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: लो-कॉन्टेक्स्ट म्हणजे तोंडावर टीका करणारे, असं धरून चालणं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन बोलणं सहसा लो-कॉन्टेक्स्ट मानतात, पण टीका करताना तिथे आधी कौतुक करण्याची पद्धत आहे. फ्रेंच त्यांच्यापेक्षा बरेच सूचक बोलतात, तरी चूक रोखठोक दाखवतात. लीड गप्प राहिला तो वरिष्ठांसमोर असल्यामुळे, असा पुरावा केसमध्ये असेल, तर ते सत्ता-अंतराचं, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांमधली दरी किती मानली जाते याचं, उदाहरण आहे. तसं स्वतंत्र लिहा. देशाचं वर्णन हा सरासरी कल असतो, माणसागणिक बदलतो, हे एका वाक्यात नोंदवलं तरी पुरे.

उपायांत "सांस्कृतिक प्रशिक्षण द्यावं" एवढंच लिहिलं तर परीक्षकाच्या हाती काही लागत नाही. कोण, कधी, काय करणार ते सांगा. मॅनेजरने अजेंडा दोन दिवस आधी पाठवावा आणि कॉलआधी लीडशी एकट्याने बोलावं. तारखेला होकार मागण्याऐवजी "काय बाकी आहे, १५ तारीख गाठायला काय लागेल?" असं विचारावं. कॉलनंतर त्याच दिवशी निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहून पाठवावी, आणि दुरुस्तीसाठी २४ तास द्यावेत.

या लेखी पद्धतीची एक अडचणही उत्तरात मांडा. नात्यावर काम चालणाऱ्या टीमला असा मेल अविश्वासाचा वाटू शकतो. म्हणून प्रोजेक्टच्या पहिल्याच बैठकीत, हा नियम म्युनिकसकट सगळ्यांना लागू आहे, असं जाहीर करावं.