गरोदरपणातील विसराळूपणा: नोकरीच्या ठिकाणी काम कसे सांभाळावे

गरोदरपणात स्मरणशक्ती सरसकट मंदावते, असा समज आहे. पण प्रत्यक्षात ती सगळीकडे सारखी मंदावत नाही. वर्षानुवर्षे हाताखालून गेलेले काम, पाठ झालेली प्रक्रिया, ओळखीचे चेहरे आणि कागद यांची आठवण बहुधा शाबूत राहते. ढिली पडते ती दोन ठिकाणी: एक म्हणजे एकाच वेळी चार गोष्टी डोक्यात घोळवत ठेवण्याची क्षमता, आणि दुसरी म्हणजे ‘हे थोड्या वेळाने करायचे आहे’ असे ठरवलेले काम नेमक्या वेळी आठवणे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2018 मध्ये 20 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा गरोदर आणि इतर स्त्रियांच्या स्मरणशक्तीतला फरक शेवटच्या तिमाहीत अधिक स्पष्ट दिसला. मात्र गरोदर स्त्रियांची कामगिरी एकंदरीत सामान्य मर्यादेतच होती. त्यामुळे ‘आता हिला जबाबदारीचे काम देऊ नका’ या सल्ल्याला आधार नाही. बदलायचे आहे ते काम लक्षात ठेवण्याचे साधन.

त्यासाठी आधी एक आठवडा नुसती नोंद ठेवावी. काय विसरले, किती वाजता आणि त्याच्या अगदी आधी काय चालले होते, एवढेच लिहावे. या नोंदी पाहिल्या की बहुतेक चुका दोनच प्रसंगांभोवती दाटलेल्या आढळतात: मध्येच कोणीतरी बोलावल्यानंतर, आणि झोप मोडलेल्या रात्रीनंतरच्या दुपारी. रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागते, कूस बदलताना जाग येते, आणि त्या तुटक झोपेची वसुली दुसऱ्या दिवशी एकाग्रतेतून होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरीतील एका छोट्या कारखान्याच्या लेखा विभागात काम करणारी सातव्या महिन्याची गरोदर स्त्री आहे. पगारातून वा बिलांतून कापलेला कर, म्हणजे टीडीएस, सहसा पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरणे, 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 आणि 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-3बी ही जीएसटीची विवरणपत्रे दाखल करणे ही तिची दरमहाची कामे. टीडीएसची तारीख चुकली तर महिन्याला दीड टक्का व्याज लागते आणि ते कर कापल्याच्या तारखेपासून मोजले जाते. एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. विवरणपत्र कसे भरायचे हे ती विसरलेली नाही. 6 तारखेला चलन तयार केले, तेवढ्यात गेटवर माल आला म्हणून ती उठली, आणि परत येईपर्यंत बँकेत पैसे वर्ग करायचे राहूनच गेले, असा हा विसर आहे.

तिने पहिली गोष्ट करावी ती म्हणजे उठण्यापूर्वी एक ओळ लिहिणे. बोलावणारा माणूस समोर उभा असला तरी ‘दहा सेकंद थांबा’ म्हणून वहीत लिहावे: ‘चलन तयार, बँकेतून पैसे पाठवायचे बाकी’. नुसते ‘टीडीएस’ असे लिहून भागत नाही, कारण परतल्यावर तो शब्द पाहून ते काम झाले असेच वाटण्याची शक्यता असते. नोंदीत क्रियापद हवे, आणि पुढची कृती नेमकी हवी. ती वही कीबोर्डवर उघडी ठेवावी, म्हणजे ती उचलल्याशिवाय टायपिंग सुरूच करता येणार नाही.

दुसरी गोष्ट, आठवण घड्याळाऐवजी एखाद्या प्रसंगाला बांधावी. ‘दुपारी तीनला पुरवठादाराला फोन’ हे ठरवणे सोपे आहे, पण वेळेवर आठवायचे असेल तर मनाला सतत घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते, आणि नेमके तेच या काळात जड जाते. त्याऐवजी ‘जेवणाचा डबा धुऊन जागेवर बसले की पहिला फोन पुरवठादाराला’ असे ठरवले, तर डबाच आठवण करून देतो. जिथे वेळ पाळणे अटळ आहे, तिथे मोबाइलचा गजर लावावा. पण गजराच्या नावात संपूर्ण काम लिहावे, आणि काम हातावेगळे होईपर्यंत तो बंद न करता पुढे ढकलावा. गजर बंद करून ‘आता करतेच’ म्हणणे हा विसरण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

नोंदी एकाच ठिकाणी असाव्यात. काही वहीत, काही व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या आणि काही मॉनिटरला चिकटवलेल्या कागदांवर असल्या की नोंद कुठे केली हेच आठवावे लागते. तोंडी मिळालेल्या सूचनाही त्याच दिवशी ईमेलने परत पाठवाव्यात: ‘आपण सांगितल्याप्रमाणे दर बदलून सुधारित बिल गुरुवारी पाठवते.’ ऐकताना काही निसटले असेल, तर समोरची व्यक्ती ते लगेच दुरुस्त करते.

आकडेमोडीचे आणि तपासणीचे काम ज्या तासांत डोके ताजे असते त्या तासांत घ्यावे; अनेकींच्या बाबतीत ती वेळ सकाळची असते, पण सकाळी मळमळ होत असेल तर ती दुपारपूर्वीची असू शकते. आपली नोंद काय सांगते ते पाहावे. पैसे वर्ग करण्यासारख्या, मागे घेता न येणाऱ्या कामांवर मात्र सहकाऱ्याची दुसरी नजर ठेवावी. वरिष्ठांशी बोलताना ‘मला काही आठवत नाही’ असे मोघम सांगू नये. ‘दहा ते बारा मला फोन देऊ नका आणि मोठ्या रकमेचे पेमेंट दोघांनी तपासू या’ अशी ठोस मागणी केली, तर ती मान्य होण्याची शक्यता अधिक असते.

औषधांचे वेळापत्रकही याच वहीत असावे, कारण इथला विसर एकाग्रतेवरच उलटतो. हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर गरोदरपणात तो रक्तक्षय धरला जातो, आणि भारतात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत तो आढळतो; थकवा आणि लक्ष न लागणे ही त्याचीही लक्षणे आहेत. थायरॉइड कमी काम करत असेल तरी असेच होते. म्हणून ‘दिवस गेलेत, व्हायचेच असे’ म्हणून सोडून देण्याआधी या दोन्ही तपासण्यांचे निकाल डॉक्टरांना विचारावेत. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, त्यामुळे मध्ये किमान तासाभराचे अंतर ठेवावे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि लोह वा कॅल्शियम तिच्यानंतर सुमारे चार तासांनी. सात कप्प्यांची डबी ठेवली की ‘घेतली की नाही’ हा प्रश्न उरत नाही. शंका असली तरी अंदाजाने दुसरी गोळी मात्र घेऊ नये. झोप भरून काढण्यासाठी कॉफी वाढवण्याचा मोह होतो, पण कॅफिन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला जातो, आणि त्यात चहाही मोजावा लागतो.

वहीने न सुटणारे प्रकारही आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणे हा विसराळूपणा नव्हे. त्यासाठी डॉक्टरांशी बोलावे, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. अचानक गोंधळल्यासारखे होणे, बोलणे अडखळणे, हातापायातली ताकद जाणे, तसेच विसाव्या आठवड्यानंतर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे किंवा छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, यांपैकी काहीही झाले तर ऑफिस सुटण्याची वाट पाहू नये. हे रक्तदाब धोकादायक पातळीला गेल्याचे लक्षण असू शकते. कोणाला तरी सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे, आणि गरोदरपणाची फाइल बरोबर न्यावी.