पूर ओसरल्यानंतर घरोघरी होणाऱ्या चुका: लेप्टो आणि कॉलरा कुठून शिरतात

पाणी चढत असतं तेव्हा सगळे सावध असतात. आजारपण येतं ते पाणी उतरल्यावर, घर झाडायला आणि धुवायला घेतल्यावर. लेप्टोस्पायरोसिस आणि कॉलरा या दोन्हींचं नाव एका दमात घेतलं जातं आणि इथेच पहिली गफलत होते. लेप्टोचे जंतू उंदीर-घुशी आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात व चिखलात उतरतात आणि बहुतेक वेळा कातडीतून शरीरात शिरतात. कॉलऱ्याचे जंतू विष्ठेतून पाण्यात मिसळतात आणि तोंडावाटे पोटात जातात. त्यामुळे उकळलेलं पाणी पिऊनही लेप्टो होऊ शकतो आणि गमबूट घालूनही कॉलरा होऊ शकतो.

गाळावर ब्लीचिंग पावडर भुरभुरणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पांढरा थर दिसला, उग्र वास आला की काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात चिखल, पालापाचोळा, शेण अशी घाण क्लोरीन आधी स्वतःच खाऊन टाकते आणि जंतूंसाठी फारसं काही उरत नाही. क्रम उलटा हवा. गाळ ओला असतानाच फावड्याने काढून बाहेर टाका, फरशी आणि भिंतीचा भिजलेला भाग साबणाच्या पाण्याने घासून धुवा आणि मगच ब्लीचिंगचं द्रावण फिरवा. ते किमान दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्या. मग दारं-खिडक्या उघडून घर खडखडीत वाळवा. लेप्टोचा जंतू ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतो, पण कोरडं त्याला सोसत नाही. म्हणून ऊन आणि वारा ही इथे औषधाइतकीच कामाची गोष्ट आहे. आणखी एक, ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

गाळ काढताना पायांचं काय? टाचेला भेग, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, नखाजवळ साधा ओरखडा, एवढं लेप्टोला पुरतं. तासन्‌तास भिजून पांढरी पडलेली, सुरकुतलेली कातडीही त्याला वाट देते. म्हणूनच गुडघाभर पाण्यात शिरून आत पाणी भरलेले गमबूट घालून वावरणं जवळजवळ अनवाणी असल्यासारखंच आहे. पाणी आत गेलं तर बूट रिकामे करा, पाय साबणाने धुऊन पुसा आणि मग पुन्हा घाला. जखम असेल तर पाणी आत न जाणाऱ्या पट्टीने झाका. चिखलाच्या हाताने डोळे चोळू नका, कारण डोळ्यांतूनही जंतू जातो.

आरोग्य कर्मचारी अशा वेळी डॉक्सिसायक्लिन देतात. मोठ्या माणसाला सहसा 200 मिलिग्रॅमचा एकच डोस, आणि चिखलपाण्यात काम चालूच राहणार असेल तर आठवड्याला एकदा. ही लस नव्हे. गोळी घेतली म्हणून बूट सोडायचे नाहीत. गरोदर बायका आणि लहान मुलांना ही गोळी परस्पर देऊ नका, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं औषध ठरवतात. आणि गोळी जेवण झाल्यावर पेलाभर पाण्यासोबत घ्या, घेतल्याबरोबर आडवं होऊ नका. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून छातीत आग होते.

गढूळ पाण्यात औषध टाकून ते लगेच पिणं

तुरटी फिरवून पाणी नितळ झालं की ते शुद्ध झालं, हा समज अजून पक्का आहे. तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. पण नितळ करणं वाया जात नाही. उलट तेच आधी करायचं, कारण गढूळ पाण्यातही क्लोरीन घाणीवरच खर्च होतो. पाणी स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी चारपदरी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या, मग औषध.

20 लिटरचा कॅन धरून हिशेब करू. एक लिटर पाण्यात तीन सपाट मोठे चमचे, म्हणजे अंदाजे 33 ग्रॅम, ताजी ब्लीचिंग पावडर नीट ढवळा. चोथा खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी म्हणजे साधारण एक टक्क्याचं द्रावण. त्यातले लहान दोन चमचे, म्हणजे 10 मिली, गाळलेल्या 20 लिटर पाण्यात घाला, ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलका वास यायला हवा. वास अजिबात नसेल तर पावडर जुनी, सर्दावलेली असेल किंवा पाण्यात अजून घाण असेल. पुन्हा तेवढंच द्रावण घाला आणि पुन्हा थांबा. तरीही वास आला नाही तर ते पाणी पिऊ नका. उकळायचं असेल तर खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. पाण्यात रॉकेल, कीटकनाशक मिसळल्याचा संशय असेल तर मात्र उकळणंही कामाचं नाही आणि क्लोरीनही. ते पाणी सोडूनच द्यायचं.

एवढं सगळं करून पाणी पुन्हा पुराच्या पाण्याने भिजलेल्या माठात ओततात आणि त्यात हात बुडवून पेला भरतात. तिथे सगळी मेहनत मातीमोल होते. भांडं आधी त्याच द्रावणाने विसळा, पाणी तोटीने किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा.

जुलाबाला गोळी आणि ओआरएस पेल्यात

कॉलरा झाला तर तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, बहुधा पोट न दुखता. धडधाकट माणूस काही तासांत कोरडा पडतो. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी शोधू नका, गेलेलं पाणी आणि मीठ परत भरा. इथली नेहमीची चूक म्हणजे एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवणं. ते जास्त ताकदीचं नाही, जास्त खारट होतं आणि बाळाला तर धोक्याचं ठरतं. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून टाका. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करा. अंगावरचं दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसते, लघवी होत नाही, माणूस गुंगीत जातोय, असं दिसलं की थेट दवाखाना. शुद्धीत असेल तर वाटेतही पाजत राहा.

ताप उतरला म्हणून निर्धास्त होणं

समजा, एका घरातल्या कर्त्या माणसाने दोन दिवस गाळ उपसला. टाचेला भेग होती. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, डोकं फुटायला लागलं, पोटऱ्यांना हात लावू देईना, डोळे लाल, पण चिपडं नाहीत. घरच्यांना पूर आठवेना, कारण लेप्टो बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, कधी महिन्याभरानेही उगवतो. अंगदुखीची वेदनाशामक गोळी दिली. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला आणि माणूस कामाला लागला. दोन दिवसांनी ताप परतला, डोळे पिवळे, लघवी कमी.

यात चुका दोन. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा मूत्रपिंडावर ताण येतो आणि लेप्टो मूत्रपिंडालाच धरतो. तापाला पॅरासिटामॉल पुरे, तीही ठरलेल्या मात्रेत. दुसरी चूक म्हणजे डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं न सांगणं. पहिल्या चार-पाच दिवसांत प्रतिपिंडांची रक्त चाचणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, म्हणून डॉक्टर अहवालाची वाट न पाहता संशयावरच प्रतिजैविक सुरू करतात. पण संशय यायला पुराची गोष्ट त्यांच्या कानावर हवी. पहिलंच वाक्य हे असू द्या: "मी अमुक तारखेला पुराच्या पाण्यात होतो." आणि त्या तापात दिवसभरात लघवी किती वेळा झाली ते लक्षात ठेवा, कारण तो पुढचा प्रश्न असतो.