अरबी शद्दा वाचताना या चुका टाळा

शद्दा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची ती छोटी दातेरी खूण. ती असलेलं व्यंजन दोनदा येतं: एकदा आधीच्या स्वराला बंद करतं आणि लगेच पुढच्या स्वराला सुरुवात करून देतं. मराठीत आपण ‘पत्ता’ म्हणताना जीभ ‘त’वर क्षणभर थांबते, तेवढंच इथेही करायचं. पुष्कळ जण थांबण्याऐवजी नुसता आवाज चढवतात, त्याने द्वित्त ऐकू येत नाही. ‘हमाम’ तर मराठी माणसाच्या तोंडात एकेरी ‘म’सकटच बसलेला आहे. अरबीत न्हाणीघर ‘हम्माम’, आणि ‘हमाम’ म्हणजे कबुतरं.

क्रियापदात अर्थच बदलतो. धातूच्या मधल्या व्यंजनावर शद्दा आली की ‘दरस’ (तो शिकला) याचं ‘दर्रस’ (त्याने शिकवलं) होतं. दोन्ही शब्दांत सगळी अक्षरं पूर्ण उच्चारायची, शेवटचा ‘स’ पाय मोडून म्हणायचा नाही. हे आपलं शिकणे-शिकवणे झालं. पण ‘कसर’ म्हणजे मोडलं आणि ‘कस्सर’ म्हणजे तोडून तुकडे तुकडे केले. इथे ‘मोडायला लावलं’ असं प्रयोजक भाषांतर केलं तर वाक्य फसतं.

ओळखायचं कसं? कर्मं मोजा. ‘दरस’ला एक कर्म, धडा; ‘दर्रस’ला दोन, विद्यार्थी आणि धडा. कर्म वाढलं की बहुधा प्रयोजक. ‘कसर’ आणि ‘कस्सर’ दोघांनाही पेला हे एकच कर्म पुरतं, म्हणून तिथे तीव्रता. ही कसोटी सगळीकडे चालत नाही. ‘कज़ब’ म्हणजे खोटं बोलला, ‘कज़्ज़ब’ म्हणजे दुसऱ्याला खोटं ठरवलं. अशा वेळी कोश उघडावाच लागतो.

प्रत्येक शद्दा क्रियापदाच्या रूपाची नसते. ‘दर्रसल्-मुअल्लिमुत्-तुल्लाबल्-लुग़त’, म्हणजे शिक्षकाने विद्यार्थ्यांना भाषा शिकवली, या वाक्यात पाच शद्दा आहेत. ‘दर्रस’ आणि ‘मुअल्लिम’ यांतल्या दोनच या रूपाच्या. ‘तुल्लाब’मधला ‘ल्ल’ अनेकवचनाच्या साच्यातला आहे. उरलेल्या दोन ‘अल्’ या उपपदामुळे आल्या: त्याचा ‘ल’ पुढच्या ‘त’मध्ये विरला आणि ‘लुग़त’च्या ‘ल’ला मिळाला. ‘मद्द’ (ताणलं) यात तर धातूचंच दुसरं आणि तिसरं व्यंजन एक आहे.

सर्वात घातक चूक वर्तमानकाळात होते. ‘युदर्रिसु’ म्हणजे तो शिकवतो. यातला ‘इ’ दाखवणारी कसरा पुष्कळ छापील पुस्तकांत अक्षराखाली नसते, ती शद्देच्या खाली पण अक्षराच्या वर असते. रेघ वर दिसली म्हणून नवशिका ती फतहा, म्हणजे ‘अ’, समजतो आणि ‘युदर्रसु’ वाचतो. त्याचा अर्थ होतो ‘तो शिकवला जातो’. म्हणून रेघ अक्षराच्या वर आहे का, हे पाहू नका. शद्देच्या वर असेल तर ‘अ’, खाली असेल तर ‘इ’.

वर्तमानपत्रात शद्दा सहसा छापतच नाहीत. तिथे ‘दरस’ आणि ‘दर्रस’ डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि पुढे कर्मं किती आली यावरूनच निवड करावी लागते.