मानवतावादी कायद्याच्या मूटमध्ये या चुका टाळा: मृतांचा आकडा हे उत्तर नाही

नागपुरात मूट कोर्टच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालयीन स्पर्धेच्या, संघांची तयारी करून घेताना एक चूक मला दरवर्षी भेटते. हल्ल्यात किती नागरिक मेले ते मोजायचं, आकडा मोठा दिसला की "प्रमाणबद्धतेचा भंग" असं लिहून मोकळं व्हायचं. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं कलम ५१ उघडून वाचलेलं नसतं, दुसऱ्याच्या नोट्स वाचलेल्या असतात. कलमातला शब्द आहे 'अपेक्षित'. हल्ल्याआधी अपेक्षित असलेली नागरी हानी, हल्ल्यातून अपेक्षित असलेल्या ठोस आणि थेट लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी आहे का, एवढंच ते विचारतं. तुलना या दोन गोष्टींची आहे. आपले किती गेले, त्यांचे किती गेले, हा हिशेब तिथे नाहीच.

दोन वर्षांपूर्वीच्या एका फेरीत आमच्या संघाकडे बगदादमधल्या अमिरिया निवाऱ्यावर बेतलेला प्रश्न आला होता. १३ फेब्रुवारी १९९१, पहाटे साडेचारच्या सुमारास अमेरिकेच्या विमानांनी नागरी वस्तीतल्या या इमारतीवर लेसर-मार्गदर्शित दोन बॉम्ब टाकले. पहिल्याने काँक्रीटचं छत फोडलं, दुसरा आत फुटला. चारशेहून अधिक माणसं मेली, त्यांत बायका आणि मुलं फार. इमारत लष्करी नियंत्रण केंद्र आहे अशी अमेरिकेची माहिती होती. तिथे रात्री कुटुंबं झोपायला येतात हे ठाऊक नव्हतं, असं नंतर सांगितलं गेलं.

आमच्या पहिल्या वक्त्याने चारशेच्या आकड्यानेच सुरुवात केली. बेंचवर लष्कराच्या विधी शाखेतून निवृत्त झालेले एक अधिकारी होते. त्यांनी विचारलं, "साडेचार वाजता हा आकडा कोणाच्या टेबलावर होता?" मुलगा गप्प. दुसरी वक्ता घाईने दुसऱ्या टोकाला गेली: "सर, त्यांना माहीतच नव्हतं, म्हणजे भंग नाही." त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मग माहिती करून घेण्यासाठी त्यांनी काय केलं?" तीही गप्प झाली. फेरी आम्ही तिथेच हरलो.

तो दुसरा प्रश्न जास्त मोलाचा, आणि तिथेच खबरदारीचं कलम ५७ लागतं. लक्ष्य लष्करी आहे याची खात्री करण्यासाठी व्यवहारात शक्य ते सगळं करावं लागतं. अमिरियाची इमारत इराण-इराक युद्धाच्या काळात नागरी निवारा होती. त्यामुळे तिचा जुना वापर थांबला याची तपासणी झाली का, किती दिवस आणि कोणत्या वेळी पाळत होती, इशारा देणं शक्य होतं का, हे विचारायला हवं. वेळही पाहावी. कार्यालयावर रात्री हल्ला केला तर माणसं कमी सापडतात, पण निवाऱ्यात रात्रीच गर्दी होते. शहरातल्या लक्ष्याला लागू पडणारी वेळ त्या इमारतीच्या वापरावर ठरते.

हे समजावताना मी नागपुरातल्याच बर्डीच्या किल्ल्याचं उदाहरण घेतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि खाली बाजार आहे. बाजार आहे म्हणून किल्ल्याचं लष्करी स्वरूप जात नाही, आणि किल्ला आहे म्हणून बाजारातला दुकानदार लक्ष्य होत नाही. आता २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतात, तेव्हा पोराबाळांसह कुटुंबं वर जातात. लक्ष्य तेच, लष्करी लाभ तोच, पण अपेक्षित हानी पार वेगळी. ती माहिती हल्लेखोराला सहज मिळण्यासारखी असेल, तर "ठाऊक नव्हतं" चालत नाही.

माझी सवय अशी: कागदावर हल्ल्याच्या क्षणाची आडवी रेघ मारायची. वर त्या क्षणी कमांडरला माहीत असलेलं आणि वाजवी प्रयत्नाने कळू शकलं असतं ते. खाली नंतर कळलेलं. वाजवी माणसाने तेव्हा काय ठरवलं असतं ते वरच्या भागावरून मांडायचं. गालिच खटल्यात २००३ मध्ये माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांच्या न्यायाधिकरणाने हीच कसोटी धरली. खालचा भाग फेकायचा नाही. तपासात नेमकं काय चुकलं याचा माग तिथून लागतो. ही रेघ न मारता मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहायला बसणाऱ्यांना मी आता परत पाठवतो. घाईने लिहिलेलं वाद घालताना कोसळतंच.

बाकीच्या चुका थोडक्यात. भेदाची पायरी, म्हणजे लक्ष्य लष्करी की नागरी हे ठरवणं, ओलांडून थेट प्रमाणबद्धतेवर उडी मारू नका. लक्ष्यच नागरी असेल तर पुढचा तोल तपासायची गरज नाही. शत्रूने नागरिकांची ढाल केली तरी हल्लेखोराची खबरदारी संपत नाही. बचाव करणाऱ्यालाही कलम ५८ ने स्वतःची जबाबदारी आहे, ती विसरू नका. आणि भारत पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचा पक्षकार नाही. भारताविरुद्ध कलम ५१ करार म्हणून लादलं तर बेंच पहिल्याच मिनिटाला थांबवेल. रूढिजन्य कायद्यावर, म्हणजे करार नसतानाही सगळ्या देशांना बांधणाऱ्या प्रथेवर, उभे राहा, रेडक्रॉसच्या अभ्यासातले नियम १, १४ आणि १५ तिथून सुरुवात करायला पुरतात.