नकाशा आराखड्यातला पुसट बिंदू कसा ओळखावा

भारताच्या आराखड्यात पश्चिम किनाऱ्यावर एक बिंदू आहे, शेजारी 'अ' लिहिलंय आणि प्रश्न आहे : 'हे प्रमुख बंदर ओळखा.' छपाई पुसट आहे. बिंदू मार्मागोवा की न्यू मंगळूर?

आधी प्रश्नातला प्रकार वाचा. 'बंदर' म्हटलं असेल, तर बिंदू समुद्रात किंवा जरा आत सरकलेला दिसला तरी तो किनाऱ्यावरच धरायचा. त्याच ठिकाणी 'अणुऊर्जा केंद्र' विचारलं असतं, तर उत्तर कैगा होऊ शकलं असतं. कैगा मार्मागोव्यापासून जेमतेम अर्धा अंश दक्षिणेला आहे, म्हणजे लहान नकाशात दोघं जवळजवळ चिकटतात.

मग नेमकं काय मोजायचं ते ठरवा. अक्षर हे ठिकाण नसतं, ठिकाण बिंदूचं असतं. अक्षरापासून रेघ काढलेली असेल, तर तिचं नकाशातलं टोक पाहा. बिंदूऐवजी शाईचा डाग असेल, तर त्याचा मध्य घ्या.

आता पट्टी घ्या. कन्याकुमारी सुमारे 8° उत्तर आणि कर्कवृत्त 23.5°, म्हणजे मधलं अंतर 15.5°. कर्कवृत्त छापलेलं नसेल, तर ते कच्छच्या रणातून आणि भोपाळच्या किंचित वरून जातं, तिथे पेन्सिलने फिकट रेघ मारा. समजा हे अंतर 77 मिलिमीटर भरलं, तर एका अंशाला साधारण 5 मिलिमीटर पडतात. पट्टी किनाऱ्याच्या तिरक्या रेषेवर ठेवू नका, पानाच्या उभ्या दिशेनेच धरा. नेमकी इथेच बहुतेक चूक होते.

आपला बिंदू कन्याकुमारीच्या पातळीपासून 37 मिलिमीटर वर आहे. 37 भागिले 5 म्हणजे 7.4, त्यात 8 मिळवले की 15.4° उत्तर. हे मार्मागोवा. न्यू मंगळूर 12.9° वर आहे, त्याचा बिंदू 25 मिलिमीटरच्या आसपास आला असता. पाठ ठेवायला सोपं : कर्कवृत्तापर्यंतच्या निम्म्या उंचीवर मार्मागोवा, एक तृतीयांशाला न्यू मंगळूर, सात दशांशाला मुंबई. झेरॉक्स लहान-मोठी झाली तरी हे प्रमाण टिकतं.

छपाई सरकली असेल तर? या नकाशावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. दोन मिलिमीटरच्या चुकीने मार्मागोव्याचं न्यू मंगळूर होत नाही, तेव्हा निर्धास्त लिहा. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदर मात्र पट्टीने वेगळे करता येत नाहीत, दोघं एकाच खाडीच्या समोरासमोर आहेत. तिथे 'मुंबईवरचा ताण कमी करण्यासाठी उभारलेलं' असा एखादा शब्द प्रश्नात शोधावा लागतो.

बिंदू दिसतच नसेल किंवा दोन दिसत असतील, तर लगेच पर्यवेक्षकांना सांगून दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहा. तेही जमलं नाही, तर एकच उत्तर लिहा आणि खाली एक ओळ जोडा : 'अक्षराजवळचा किनाऱ्यावरील बिंदू धरला आहे.'